नॅसवरच्या व्हीएमसाठी एनएफएस की आयस्कझी? आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या लॅबमधल्या सगळ्या व्हीएम आठ महिन्यांपूर्वी मी नॅसवर हलवल्या. पहिले तीन महिने त्या आयस्कझीवर, म्हणजे नॅसची जागा नेटवर्कवरून कच्च्या डिस्कसारखी वापरून, चालल्या. पुढचे पाच महिने एनएफएसवर, म्हणजे नॅसवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून, चालत आहेत, फक्त एक व्हीएम अजून आयस्कझीवर आहे. हा बदल मी वेगासाठी केला नाही. माझ्या एका डेटाबेसची वाट लागली, आणि ती का लागली हे शोधताना दोन्ही पद्धतींबद्दलचं माझं मत बदललं.

मांडणी साधी आहे. एका मिनी पीसीवर व्हीएम चालवणारं ईएसएक्सआय ७, दुसऱ्या डब्यात ट्रूनॅस कोअर १३, ३२ जीबी ईसीसी रॅम, ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क दोन मिररमध्ये. मध्ये एक गिगाबिट स्विच. घर पुण्यात, लाईट अधूनमधून जाते, इन्व्हर्टर आहे.

सुरुवातीला दोन्ही करून पाहिलं. एनएफएस शेअर जोडायला दहा मिनिटं लागली. शेअरमध्ये मॅपरूट युजरला root द्यावं लागतं, नाहीतर ईएसएक्सआयला तिथे लिहिता येत नाही, एवढंच काय ते. पण वेग पाहून धक्का बसला. ४० जीबीची व्हीएम कॉपी करताना जेमतेम १५ एमबी प्रति सेकंद मिळत होते. त्याच डिस्कवर झेडव्हॉल करून आयस्कझीने दिला, तर तीच कॉपी ११० एमबीने झाली, म्हणजे गिगाबिट लिंक भरून. चार व्हिडिओंत ऐकलं होतं की ब्लॉक स्टोरेज वेगवान असतं, तेच समोर दिसलं. मी सगळं आयस्कझीवर नेलं आणि विषय संपवला.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टरने भार उचलायला क्षणभर जास्त घेतला. मिनी पीसीच्या अडॅप्टरने तो क्षण निभावला, नॅसच्या एसएमपीएसने नाही. नॅस रिस्टार्ट झालं आणि अडीच मिनिटांत परत वर आलं. तेवढा वेळ व्हीएम अडकून पडल्या होत्या, मग जणू काही झालंच नाही अशा चालू झाल्या. मला बरं वाटलं. रात्री बघतो तर पोस्टग्रेस असलेल्या व्हीएमचं ext4 रीड-ओन्ली झालेलं. व्हीएम रिस्टार्ट केल्यावर fsck ने बरंच काही दुरुस्त केलं, पण पोस्टग्रेस उठेना. लॉगमध्ये `could not locate a valid checkpoint record`. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून परत उभं केलं.

मला आधी वाटलं डिस्क खराब आहे. स्क्रब लावला, एकही चूक निघाली नाही. झेडएफएसच्या, म्हणजे नॅसच्या फाइल सिस्टीमच्या, दृष्टीने सगळं ठीकठाक होतं, आणि तेच खरं होतं.

झेडएफएस लिहायला आलेला डेटा आधी रॅममध्ये गोळा करतं आणि गठ्ठ्याने डिस्कवर उतरवतं. दोन गठ्ठ्यांमध्ये नेहमीच्या सेटिंगला जास्तीत जास्त ५ सेकंद जातात. लिहिणाऱ्याने ‘पक्कं उतरल्याशिवाय झालं म्हणू नकोस’ असं सांगितलं, तर तो डेटा लगेच वेगळ्या लॉगमध्ये, म्हणजे झिलमध्ये, नोंदला जातो आणि मगच होकार जातो. हे सिंक रायटिंग. ईएसएक्सआय एनएफएसवर प्रत्येक राइट सिंक मागूनच करतं. आयस्कझीवर मात्र ते असं मागत नाही. स्टोरेजने ‘लिहिलं’ म्हटलं की ईएसएक्सआयच्या लेखी ते लिहिलं गेलं. व्हीएममधल्या पोस्टग्रेसने fsync केलं तरी ती विनंती नॅसपर्यंत पोचत नाही. म्हणजे माझे ११० एमबी नॅसच्या रॅममध्ये जात होते आणि एनएफएसचे १५ एमबी खरोखर डिस्कवर. मी दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत होतो.

आता इथे एक बारकावा आहे, आणि माझं नुकसान त्यातच झालं. नॅस आणि मिनी पीसी दोन्ही एकदम बंद पडले असते, तर झेडएफएस शेवटच्या पूर्ण गठ्ठ्यावर परत आलं असतं. व्हीएमला वाटलं असतं की काही सेकंदांपूर्वीच लाईट गेली. त्या काही सेकंदांच्या नोंदी गेल्या असत्या, पण डेटाबेस त्या जागेवरून सरळ उठला असता. माझ्याकडे एकटं नॅस मागे गेलं. व्हीएम चालूच होत्या, त्यांच्या रॅममध्ये पुढची स्थिती होती, आणि खालची डिस्क काही सेकंद मागची. त्या मागच्या डिस्कवर व्हीएमने पुढचं लिहायला सुरुवात केली. फाइल सिस्टीमचे काही ब्लॉक जुने, काही नवे, मधले गायब. आयस्कझीत आणखी एक धोका असतो: व्हीएमएफएस ही अख्ख्या डेटास्टोअरची फाइल सिस्टीमसुद्धा ईएसएक्सआयच सांभाळतं, त्यामुळे तीही अशीच पायाखालून सरकते. माझं व्हीएमएफएस वाचलं, हे नशीब.

तुमच्याकडे काय चाललंय हे पाहायला दोन ओळी पुरतात. नॅसच्या शेलमध्ये, व्हीएममध्ये काहीतरी जोरात लिहिणं चालू असताना:

```
zfs get sync tank/vm-lun0
zpool iostat -v tank 1
```

पहिल्या ओळीचं उत्तर `standard` आलं आणि झेडव्हॉल आयस्कझीवर ईएसएक्सआयला दिलेला असेल, तर तुम्ही माझ्याच जागी आहात. वेगळं लॉग डिव्हाइस लावलेलं असेल तर दुसऱ्या ओळीत `logs` खाली त्याचा आकडा दिसतो. आयस्कझीवर भरभरून लिहिणं चालू असूनही तो शून्यावर बसून असेल, तर एकही राइट सिंक जात नाहीये.

मग मी तुलना सारखी करून पाहिली.

```
zfs set sync=always tank/vm-lun0
```

आयस्कझी लगेच एनएफएसच्या पंगतीला आलं. व्हीएममध्ये fio लावून ४ केबीचे तुकडे, प्रत्येकामागे fsync, असं मोजलं. आधी आयस्कझीवर सेकंदाला काही हजार दिसत होते, आता साधारण १००. एनएफएसवर ९० च्या आसपास. हार्ड डिस्कचं डोकं फिरून जागेवर यायला जो वेळ लागतो तोच हा आकडा ठरवतो, प्रोटोकॉलचा त्यात हात नगण्य.

यावरचा उपाय म्हणजे लॉगसाठी स्वतंत्र डिव्हाइस, स्लॉग. इथे मोठी एसएसडी लागत नाही. गिगाबिटवरून ५ सेकंदांत जास्तीत जास्त ६०० एमबी येऊ शकतात, गठ्ठे दोन-तीन साचले तरी २ जीबीच्या आत. लागतो तो एका छोट्या राइटला पटकन पक्का होकार देणारा ड्राइव्ह. साध्या घरगुती एसएसडीचा वेग तिच्या डीरॅम कॅशमुळे असतो आणि कॅशला वीज गेल्यावर वाचवणारे कपॅसिटर नसतात, म्हणून ती इथे चालत नाही. मी जुनी १६ जीबीची इंटेल ऑप्टेन एम१० घेतली. तिच्यात डीरॅम कॅश नाहीच. लिहायचा वेग १४५ एमबी, हल्लीच्या मानाने कमी वाटेल, पण गिगाबिटला तो पुरून उरतो. ती लावल्यावर एनएफएसवर मोठी कॉपी १०० एमबीवर गेली आणि fsync चा आकडा १,५०० च्या पुढे. `sync=always` केलेलं आयस्कझी त्याहून किंचित वर, पण व्हीएम वापरताना मला तो फरक एकदाही जाणवलेला नाही. १० गिगाबिट असेल तर ही एम१० अडसर ठरेल, तेव्हा कपॅसिटरवाली डेटासेंटर एसएसडी बघावी.

वेग असा बरोबरीत आल्यावर मी एनएफएस निवडलं ते रोजच्या सोयीसाठी. एनएफएसवर प्रत्येक व्हीएम म्हणजे नॅसवरचा एक फोल्डर. अपडेट करताना मी एकदा एका व्हीएमचं वाटोळं केलं. ती बंद केली आणि नॅसच्या शेलमधून `.zfs/snapshot` मधल्या सकाळच्या स्नॅपशॉटमधला तिचा फोल्डर परत जागेवर कॉपी केला. बाकीच्या व्हीएमना कळलंही नाही. हेच आयस्कझीच्या दिवसांत केलं होतं तेव्हा झेडव्हॉलच्या स्नॅपशॉटचा क्लोन, त्याचा नवा एक्स्टेंट, ईएसएक्सआयमध्ये रीस्कॅन, मग एकाच सहीचे दोन व्हीएमएफएस दिसतात म्हणून `esxcli storage vmfs snapshot resignature`, आणि त्यानंतर कुठे ती व्हीएम उचलून आणली. तासभर गेला.

एका बाबतीत मात्र एनएफएस खरंच कमी पडतं, आणि म्हणूनच माझी एक व्हीएम अजून आयस्कझीवर आहे. तिच्यात मी डॉकर इमेज बांधतो. रोज दहा-पंधरा जीबी लिहिले जातात आणि पुसले जातात. एनएफएसवर व्हीएमच्या आत पुसलेली जागा नॅसला परत मिळत नाही. `fstrim` लावलं तर `the discard operation is not supported` असं उत्तर येतं. आत ६० जीबी वापरात असताना तिची व्हीएमडीके १७० जीबीपर्यंत फुगली होती. रिकाम्या जागेत शून्यं भरून ती फाइल पुसली की झेडएफएसचं कॉम्प्रेशन ती शून्यं गिळून टाकतं आणि नॅसवर जागा सुटते. पण जुने ब्लॉक स्नॅपशॉटमध्ये अडकलेले असतील तर ते स्नॅपशॉट जाईपर्यंत थांबावं लागतं, शिवाय दर आठवड्याला हे कोण करणार. व्हीएमएफएस ६ वर थिन डिस्क असेल तर `fstrim` चालतं, आणि ईएसएक्सआय सावकाशपणे, कधी काही तास घेऊन, ती जागा झेडव्हॉललाही परत करतं.

दोन नेटवर्क पोर्ट असतील तर आयस्कझीचं मल्टिपाथिंगही उजवं ठरतं, कारण ईएसएक्सआय ७ मध्ये एनएफएस ३ एका डेटास्टोअरला एकच कनेक्शन वापरतं. माझ्याकडे पोर्ट एकच, त्यामुळे त्याबद्दल अनुभवाचं सांगण्यासारखं काही नाही. एनएफएस घेणाऱ्यांसाठी एक मात्र आवर्जून: एकच शेअर एका होस्टवर ३ आणि दुसऱ्यावर ४.१ असा कधीही जोडू नका. दोघांची लॉक करायची पद्धत वेगळी आहे, दोन होस्ट एकच व्हीएम एकाच वेळी उघडू शकतात.

ऑप्टेन लावल्यावर मी मुद्दाम नॅसचा प्लग ओढून पाहिला. एका रिकाम्या चाचणीच्या व्हीएममध्ये एसएसएचवरून हे चालवलं:

```
i=0; while :; do i=$((i+1)); echo $i >> log.txt; sync log.txt; echo $i; done
```

पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे ‘पक्कं झालं’ असा होकार मिळालेली शेवटची नोंद. आकडे पळत असताना प्लग ओढायचा, शेवटचा आकडा टिपून घ्यायचा, आणि नॅस वर येण्याआधी व्हीएमला ईएसएक्सआयमधून पॉवर ऑफ करायचं. हे विसरलात तर ती रॅममधला आकडा दाखवेल, डिस्कवरचा नाही. मग नॅस वर आल्यावर व्हीएम चालू करून log.txt ची शेवटची ओळ बघायची. `standard` वरच्या आयस्कझीवर फाइल पडद्याच्या कित्येक हजार आकडे मागे होती. एनएफएसवर तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पडद्यावरचा शेवटचा आकडा फाइलमध्ये होता. डॉकरवाल्या व्हीएमच्या झेडव्हॉलवर `sync=always` ठेवून केलं, तिथेही होता. त्यानंतरच पोस्टग्रेस परत नॅसवर आणलं.