आलेख तपासताना: नमुन्याशी ताडावा की विद्यार्थ्याच्या कोष्टकाशी?

कृतिपत्रिकेवर हाताने काढलेला आलेख तपासण्याच्या दोन पद्धती शिक्षकांमध्ये रूढ आहेत. पहिलीत शिक्षक स्वतः एक नमुना आलेख काढून ठेवतात, कधी तो पारदर्शक कागदावर उतरवून घेतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा आलेख त्याच्याशी ताडून पाहतात. दुसरीत बाहेरचा नमुना नसतो. अक्ष आणि प्रमाण विद्यार्थ्याच्या कोष्टकाशी, बिंदू त्याने निवडलेल्या प्रमाणाशी आणि रेषा त्याने प्रत्यक्ष मांडलेल्या बिंदूंशी ताडली जाते, म्हणजे प्रत्येक टप्पा त्याच्या आधीच्या टप्प्यावरून तपासला जातो. यांपैकी कोणती पद्धत स्वीकारावी हे ठरवण्यासाठी एकच आलेख दोन्ही पद्धतींनी तपासून पाहणे उपयोगी ठरेल.

त्यासाठी अकरावीच्या प्रात्यक्षिकातील साधा दोलक घेऊ. आडव्या अक्षावर दोलकाची लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, आणि रेषेच्या चढावरून गुरुत्वीय त्वरण, असे त्याचे स्वरूप असते. छापलेली जाळी १२ सेमी रुंद आणि १२ सेमी उंच आहे असे धरू. विद्यार्थिनीने स्वतः घेतलेल्या नोंदी अशा आहेत:

| लांबी (सेमी) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | दोलनकालाचा वर्ग (सेकंद²) |
|---|---|---|
| ४० | २५.४ | १.६१ |
| ५० | २८.६ | २.०४ |
| ६० | ३१.० | २.४० |
| ७० | ३३.८ | २.८६ |
| ८० | ३४.१ | २.९१ |
| ९० | ३८.० | ३.६१ |

शिक्षकांच्या नमुन्यात दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू होतात. आडव्या अक्षावर १ सेमी = १० सेमी आणि उभ्या अक्षावर १ सेमी = ०.५ सेकंद² असे प्रमाण आहे, आणि रेषा आरंभबिंदूतून जाते. विद्यार्थिनीने मात्र आडवा अक्ष ३० पासून सुरू करून १ सेमी = ५ सेमी असे प्रमाण घेतले आहे, आणि उभा अक्ष १.४ पासून सुरू करून १ सेमी = ०.२ सेकंद² असे. तिची रेषा जाळीच्या डाव्या कोपऱ्यातून जात नाही; ती आडव्या अक्षाला कोपऱ्यापासून सुमारे ९ मिमी उजवीकडे छेदते. नमुन्यातील रेषेपेक्षा ती कागदावर अधिक उभीही दिसते.

नमुन्याशी ताडणाऱ्या शिक्षकांना हा आलेख प्रथमदर्शनी चुकीचा वाटेल, आणि 'रेषा आरंभबिंदूतून जात नाही' असा शेराही पडेल. वस्तुतः तिच्या आलेखाचा डावा कोपरा हा आरंभबिंदूच नाही; तेथे लांबी ३० सेमी आणि वर्ग १.४ आहे. सिद्धांताप्रमाणे ३० सेमीला वर्ग सुमारे १.२ यायला हवा, म्हणून रेषा त्या कोपऱ्याच्या उजवीकडेच उतरणार. ती कोपऱ्यातून गेली असती, तर तीच चूक ठरली असती. याउलट, बिंदूंनी जाळीचा निम्म्याहून अधिक भाग दोन्ही दिशांना व्यापावा हा प्रमाणाचा प्रचलित निकष लावला, तर शिक्षकांचा नमुनाच कमी पडतो, कारण त्याचे बिंदू आडवे ५ सेमी आणि उभे ४ सेमी एवढ्यातच मावतात. विद्यार्थिनीचे बिंदू दोन्ही दिशांना १० सेमी पसरलेले आहेत. तिच्या आलेखावर उभा १ मिमी म्हणजे ०.०२ सेकंद², तर नमुन्यावर ०.०५ सेकंद², म्हणजे तिचा आलेख अडीच पट बारकाईने वाचता येतो.

म्हणून नोंदी ज्याच्या त्याच्या असतील आणि प्रमाण निवडण्याचे स्वातंत्र्य असेल, तर पहिली पद्धत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा वेग खरा आहे, पण तो 'माझ्यासारखे काढले आहे का' या प्रश्नाचे उत्तर देतो. कोष्टक छापून दिलेले असेल, प्रमाणही प्रश्नातच ठरवून दिलेले असेल आणि जाळी सर्वांना सारखी असेल, तेव्हा गोष्ट वेगळी. अशा कृतिपत्रिकेवर पारदर्शक नमुना ठेवला की सहाही बिंदू एका नजरेत तपासले जातात आणि मोठ्या वर्गात तेच सोयीचे पडते. तेथेही नमुना बिंदूंपुरताच वापरावा. रेषेपुरता का नाही, ते पुढे येईलच.

अक्षांबाबत दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही. राशीचे नाव, तिचे एकक आणि प्रमाणाची नोंद आहे की नाही, हे पाहिले की पुरे. अक्षांची अदलाबदल झाली असेल तर त्याचा गुण तेथेच एकदा कापावा आणि पुढचे सर्व तिच्या अक्षांप्रमाणे तपासावे. प्रमाण तपासताना १ सेमी = ३ किंवा ७ अशी निवड झाली आहे का ते पाहावे, कारण अशा प्रमाणात मधले बिंदू अंदाजाने ठेवावे लागतात आणि पुढच्या चुका बहुतेक तेथूनच उगम पावतात.

बिंदूंकडे आले की दुसऱ्या पद्धतीचे बळ दिसते. कोष्टकात ७० सेमीसमोर २.८६ आहे. तिच्या प्रमाणात तो बिंदू २.८ च्या रेषेपासून ३ मिमी वर हवा, पण आलेखावर तो ६ मिमी वर, म्हणजे २.९२ वर आहे. तिने १ मिमी म्हणजे ०.०१ असे धरल्याचे यावरून लगेच कळते. ही मांडणीची चूक आहे आणि बिंदूंचा गुण येथे कापला जातो. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक मात्र टोकदार पेन्सिलीने काढलेल्या आलेखातही राहतो, तो सोडून द्यावा. आता ८० सेमीचा बिंदू पाहा. तो इतर बिंदूंच्या ओळीपासून तब्बल १६ मिमी खाली आहे, आणि नमुना वर ठेवणारे शिक्षक तोच बिंदू आधी लाल करतील. पण कोष्टकात २.९१ आहे आणि आलेखावरही बिंदू २.९१ वरच आहे, म्हणजे मांडणी अगदी बरोबर आहे. चूक प्रयोगात झाली आहे. घड्याळ सुरू करताना 'शून्य' ऐवजी 'एक' म्हटले की वीस मोजले तरी दोलने एकोणीसच होतात. ३४.१ ला १९ ने भागून वर्ग केला तर ३.२२ येते, आणि ते इतर बिंदूंच्या ओळीत नेमके बसते. नमुन्याशी ताडण्यात या दोन चुका एकसारख्याच 'चुकलेला बिंदू' म्हणून दिसतात, त्यामुळे जिने बिंदू बरोबर मांडला तिचा गुण जातो आणि ३ मिमीची खरी चूक बहुधा नजरेतून सुटते.

सर्वांत जास्त मतभेद होतात ते सर्वोत्तम जुळणाऱ्या रेषेबाबत, आणि येथे दुसऱ्या पद्धतीच्या आतही एक निवड करावी लागते. बहुतेक शिक्षक रेषेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू मोजतात: वर तीन, खाली तीन, म्हणजे रेषा ठीक. ही मोजणी फसवी आहे. डाव्या टोकाचे तीन बिंदू वर आणि उजव्या टोकाचे तीन खाली असतील, तरीही मोजणी बरोबर येते, पण रेषा गरजेपेक्षा जास्त उभी झालेली असते. म्हणून बिंदूंची विभागणी रेषेच्या संपूर्ण लांबीवर समतोल आहे का, हे पाहायला हवे. डाव्या निम्म्या भागातले बिंदू एकाच बाजूला आणि उजव्या भागातले दुसऱ्या बाजूला दिसले, की रेषा फिरवण्याची गरज आहे असे समजावे.

याहून काटेकोर मार्ग म्हणजे सरासरी बिंदूचा. ८० सेमीची नोंद वगळून उरलेल्या पाच लांबींची सरासरी ६२ सेमी येते आणि कोष्टकातील वर्गांची २.५०. बिंदू कोष्टकाप्रमाणे मांडलेले असतील तर उत्तम जुळणारी रेषा या ठिकाणाच्या अगदी जवळून जायला हवी. आपल्या उदाहरणात ७० सेमीचा बिंदू २.९२ वर मांडला गेला असल्याने, मांडलेल्या बिंदूंची सरासरी २.५२ येते, आणि रेषा तिच्याशीच ताडायची, कारण विद्यार्थिनीने रेषा काढली ती समोर दिसणाऱ्या बिंदूंवरून. पूर्णांकन न करता हा फरक ०.०१२ आहे आणि तिच्या कागदावर तो सुमारे अर्धा मिमी भरतो. रेषा १ मिमीच्या आत असेल तर ती स्वीकारावी. नमुन्याची रेषा वर ठेवून तपासणी करू नये याचेही कारण हेच: बिंदू थोडा जरी सरकला, तरी त्याच्यासाठी योग्य असलेली रेषाही सरकते. सरासरी काढायला दर आलेखामागे थोडा वेळ जातो, म्हणून सर्व वर्गासाठी पारदर्शक पट्टी आणि डोळा पुरेसा मानून, शंका येईल तेथेच सरासरीकडे वळावे असे मी सुचवेन.

वेगळा पडलेला ८० सेमीचा बिंदू रेषा काढताना धरायचा की सोडायचा, हा वाद किरकोळ नाही. कोष्टकातील सहाही नोंदी धरून काढलेल्या रेषेचा चढ सुमारे ०.०३७३ येतो आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण जवळजवळ १०.६ मी/से² भरते. तो बिंदू सोडला तर चढ ०.०४०० आणि त्वरण सुमारे ९.८६ मी/से² येते. त्या बिंदूभोवती वर्तुळ काढून तो वगळणाऱ्या विद्यार्थिनीला रेषेचा पूर्ण गुण द्यावा. वर्तुळ न काढता रेषा योग्य नेली असेल तरी रेषेचा गुण कापू नये, फक्त शेऱ्यात सांगावे. पण तो बिंदू ओढून धरल्यामुळे रेषा खाली झुकली असेल, तर गुण कापणे योग्य ठरते, कारण उरलेले पाच बिंदू दुसरीकडेच बोट दाखवत असतात. बिंदू एकेक करून जोडलेली वाकडीतिकडी रेघ आणि केवळ पहिला व शेवटचा बिंदू जोडणारी रेषा, या दोन्हींना रेषेचा गुण नाही. दुसरी रेषा योगायोगाने बरोबर दिसू शकते, म्हणून मधल्या बिंदूंचा समतोल पाहिल्याशिवाय ती ओळखू येत नाही.

एकूण पाच गुण असतील तर अक्षांना १, प्रमाणाला १, बिंदूंना २ आणि रेषेला १ अशी विभागणी दुसऱ्या पद्धतीला साजेशी आहे. आपल्या विद्यार्थिनीला, तिने ८० सेमीचा बिंदू वगळून रेषा काढल्याचे धरल्यास, ७० सेमीच्या बिंदूमुळे एक गुण गमवावा लागेल आणि चार मिळतील. नमुन्याशी ताडले असते तर प्रमाण, ८० सेमीचा बिंदू आणि रेषा अशा तिन्ही ठिकाणी तिचे गुण गेले असते.

दुसऱ्या पद्धतीची एक मर्यादा मात्र आधीच ठरवून ठेवावी. काही विद्यार्थी अक्षावर प्रमाण न घेता कोष्टकातील आकडेच सारख्या अंतरावर लिहितात: १.६१, २.०४, २.४०, २.८६, २.९१, ३.६१. अशा अक्षावर प्रत्येक बिंदू 'बरोबर' मांडला जातो, रेषाही अगदी सरळ येते आणि ८० सेमीची चूक दिसेनाशी होते. येथे पुढचे टप्पे आधीच्या टप्प्यावरून तपासण्यात अर्थ उरत नाही, कारण अक्षावर समान अंतर म्हणजे समान वाढ हा पायाच नाही. अशा आलेखाला अक्षांची नावे आणि एकके यांचा गुण द्यावा. प्रमाण, बिंदू आणि रेषा यांचे गुण देऊ नयेत, आणि विद्यार्थ्याला नव्या जाळीवर आलेख पुन्हा काढायला सांगावे.