वीकली की डेली? एकच शेअर, दोन मित्र आणि दोन उलटे कल

एखादा शेअर घ्यावा की विकावा हे ठरवताना बहुतेक जण डेली चार्ट उघडतात, मग खात्री करायला वीकली उघडतात आणि तिथे नेमकं उलटं चित्र दिसलं की गोंधळतात. दोन्हींतला कुठला धरायचा, हा प्रश्न ज्याला खरोखर पडला आहे त्याच्यासाठी ही तुलना आहे. सोबत एक छोटी गोष्ट आहे. ती रचलेली आहे आणि आकडेही हिशोबाला सोपे पडतील असे घेतले आहेत, पण असा शेअर कुठल्याही बाजारात कधीही भेटू शकतो.

शुभदा आणि मंदार जुने मित्र. दोघांची पद्धत एकच, शिखरं आणि तळ मोजायचे. शिखरं व तळ दोन्ही वर सरकत असतील तर कल चढता, दोन्ही खाली सरकत असतील तर उतरता. एका रविवारी दोघांनी ३५२ वर बंद झालेला एकच शेअर बघितला.

"चढता कल आहे, घ्यायचा विचार करतेय," शुभदा म्हणाली.

"अगं, काय बोलतेस? सरळ उतरतोय तो. मी उद्या शॉर्ट करणार आहे."

"अरे, २४० वरून आलाय वर!"

"आणि ४०० वरून खाली आलाय. गेले पाच आठवडे बघ ना."

शुभदाच्या वीकली चार्टवर शेअर २४० वरून ३३० ला गेला, २९० पर्यंत खाली आला, ३६५ ला गेला, ३१८ ला टेकला आणि मग ४०० ला पोचला. तळ २४०, २९०, ३१८. शिखरं ३३०, ३६५, ४००. चढता कल, यात वाद घालायला जागाच नाही. ४०० वरून ३५२ ही तिच्या चार्टवर पाच लाल कँडलची घसरण होती आणि ३१८ चा तळ अजून बराच खाली होता.

मंदारच्या डेली चार्टवर त्याच पाच आठवड्यांच्या जवळजवळ पंचवीस कँडल होत्या, म्हणून तिला जी एक सलग घसरण दिसत होती तिच्यात त्याला पूर्ण रचना दिसत होती. ४०० वरून ३७२, उसळी ३८६ पर्यंत, खाली ३५८, उसळी ३७० पर्यंत, खाली ३४६, आणि आता ३५२. शिखरं ४००, ३८६, ३७०. तळ ३७२, ३५८, ३४६. उतरता कल, इथेही वादाला जागा नाही.

दोघांच्याही चार्टवर २० ची सरासरी लावलेली होती. शुभदाची ३३८ वर, वर चढणारी. मंदारची ३६६ वर, खाली वळलेली. नाव आणि आकडा सारखा असल्यामुळे इथे भले भले फसतात. वीकलीवरची २० ची सरासरी जवळजवळ शंभर दिवसांचा काळ धरते, डेलीवरची फक्त वीस दिवसांचा. पहिलीत ४०० पर्यंतच्या चढणीचा मोठा भाग येतो, दुसरीत जवळजवळ फक्त घसरण. शुभदाची सरासरी डेलीवर बघायची असेल तर साधारण १०० घालावी लागेल.

चार्ल्स डाऊच्या विचारातून जो सिद्धान्त पुढे उभा राहिला, त्यात मुख्य कल आणि त्याच्याविरुद्ध काही आठवडे ते काही महिने चालणारी दुय्यम चाल हे वेगळेच धरलेले आहेत. मंदार जे बघत होता ते ही दुय्यम चाल असू शकतं, किंवा नव्या मुख्य कलाची सुरुवातही. त्या रविवारी ते कोणालाच सांगता आलं नसतं. सांगता येत होतं ते एवढंच, की कोण कुठल्या भावाला चूक ठरेल. आठवड्याचा बंद भाव ३१८ च्या खाली गेला तर शुभदाचा चढता कल मोडला. दिवसाचा बंद भाव ताज्या खालच्या शिखराच्या, म्हणजे त्या दिवशी ३७० च्या, वर गेला तर मंदारचा उतरता कल मोडला. या दोन भावांच्या मध्ये शेअर असेपर्यंत दोघेही बरोबर होते, आणि हे एकदा लक्षात आलं की 'खरा कल कुठला' हा प्रश्न मागे पडतो.

मग पुढे येतो तो हिशोब, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. समजा दोघांचं भांडवल प्रत्येकी १,००,००० आहे आणि एका सौद्यात १,००० पेक्षा जास्त गमवायचे नाहीत. शुभदाने ३५२ ला घेतलं तर स्टॉपलॉस ३१८ च्या किंचित खाली, ३१६ ला. एका शेअरमागे ३६ ची जोखीम, म्हणून २७ शेअर. जुनं शिखर ४०० फक्त ४८ वर, म्हणजे ३६ लावून ४८ मिळवायचे. फारसा चांगला सौदा नाही. मंदारने ३५२ ला शॉर्ट केलं तर स्टॉपलॉस ३७२ ला, जोखीम २०, म्हणून ५० शेअर. लक्ष्य ३२२, म्हणजे २० लावून ३० मिळवायचे. कागदावर मंदारचा सौदा बरा दिसतो.

पण त्याचं लक्ष्य कुठे आहे ते बघा. ३१८ च्या थोडं वर, म्हणजे वीकली बघणारे खरेदीदार जिथे वाट बघत बसलेले असतात नेमकं तिथे. मोठ्या कलाविरुद्धच्या सौद्यात ही अडचण कायम असते, भाव तुमच्या लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच समोरचा माणूस पुढे येऊन उभा राहतो.

तसंच झालं. शुभदाने त्या दिवशी घेतलं नाही. कल चढता असला तरी ३५२ हा भाव तिला हिशोबात बसेना. सोमवारी मंदारने ठरल्याप्रमाणे ३५२ ला शॉर्ट केलं. भाव एकदा ३५८ ला जाऊन फिरला आणि बुधवारी ३३१ पर्यंत पडला. त्या दुपारी वीकली चार्टवर भलीमोठी लाल कँडल दिसत होती आणि शुभदाच्या मनात धाकधूक होती. पण शुक्रवारचा बंद ३४४ ला झाला आणि तीच कँडल छोट्या अंगाची, खाली लांब शेपटीची होऊन बसली. आठवडा संपेपर्यंत वीकली कँडलला आकार नसतो. बुधवारी तिच्याकडे बघून निर्णय घेणारा माणूस प्रत्यक्षात डेलीवरच सौदा करत असतो, फक्त त्याला ते कळत नाही.

पुढच्या आठवड्यात भाव ३४६ ला अडला, ३३५ पर्यंत आला, म्हणजे ३३१ चा तळ मोडला नाही, आणि गुरुवारी ३४८ ला बंद झाला. डेलीवर पहिल्यांदाच तळ वर सरकला होता आणि ताजं शिखर ओलांडलं गेलं होतं. मंदारने स्टॉपलॉस मधल्या काळात ३४६ च्या किंचित वर आणून ठेवलेला होता. त्याचा सौदा ३४८ ला सुटला. शेअरमागे ४ मिळाले, ५० शेअरचे २००, त्यातून खर्च वजा. शुभदाने त्याच ३४८ ला घेतलं. स्टॉपलॉस ३३० ला, जोखीम १८, म्हणून ५५ शेअर, आणि ४०० पर्यंत ५२ ची जागा. ३५२ ला ३६ लावून ४८ मिळत होते, तिथे आता १८ लावून ५२. वीकली कलाच्या दिशेने डेलीवर वळण येईपर्यंत थांबल्याचा हा फायदा.

या थांबण्याची किंमतही असते. भाव ३५२ वरूनच उसळून थेट ४२० ला गेला असता तर शुभदा बाहेरच राहिली असती. आणि आठवडा ३१८ खाली बंद झाला असता तर याच गोष्टीत मंदार ऐन सुरुवातीला पकडलेल्या मोठ्या घसरणीत असता, आणि वीकलीला ते कळायला ४०० पासून ८० हून जास्तीची घसरण लागली असती. वीकली चार्ट उशिरा कबूल करतो, हा त्याचा स्वभावच आहे. डेली लवकर सांगतो, पण त्याचं सांगणं वारंवार खोटं ठरतं.

आता निवडीकडे. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून एकदाच चार्ट बघणार असाल तर वीकली घ्या, आणि शेअरची संख्या कमी ठेवायची तयारी ठेवा. शुभदाने ३५२ ला घेतले असते तर ते २७ शेअर बुधवारी ३३१ ला ५६७ ने तोट्यात दिसले असते आणि तरीही काहीच बिघडलेलं नसतं. हे बघून झोप उडणार असेल तर वीकली तुम्हाला झेपणार नाही. रोज बाजार बंद झाल्यावर अर्धा तास देता येत असेल तर डेली चालेल, पण मोठ्या कलाविरुद्ध जाताना लक्ष्य जवळ धरा आणि स्टॉपलॉस मंदारसारखा सरकवत राहा. त्याने तो ३७२ लाच ठेवला असता तर ४ चा नफा २० च्या तोट्याकडे निघाला असता. दोन्ही चार्ट वापरायचे असतील तर वीकलीने दिशा ठरवावी आणि डेलीने वेळ, हीच वाटणी मला पटते. मध्ये भूमिका बदलू नये.

कारण भूमिका बदलणं सगळ्यात महाग पडतं. डेली बघून कोणी ३५२ ला १० च्या स्टॉपलॉसवर १०० शेअर घेतले, भाव ३४२ खाली गेला, आणि त्याने वीकली उघडून स्वतःला समजावलं की कल तर चढता आहे, स्टॉपलॉस ३१६ ला नेऊ. शेअर १०० चे १००च राहिले, जोखीम मात्र १,००० ची ३,६०० झाली. चार्ट बदलायचा असेल तर आधी संख्या २७ वर आणावी लागते, म्हणजे तोटा सोसून ७३ शेअर विकावे लागतात, आणि ते तर करायचंच नसतं म्हणून दुसरा चार्ट उघडलेला असतो. आपण असं करतोय का हे ओळखायची खूण सोपी आहे, दुसरा टाइमफ्रेम सौद्याआधी बघितला की तोटा दिसल्यावर?

दोघांच्या चार्टची सेटिंग एकसारखी आहेत ना, हेही एकदा तपासावं. बोनस किंवा विभाजनानंतर एकाचे भाव जुळवलेले आणि दुसऱ्याचे न जुळवलेले असतील तर वाद टाइमफ्रेमचा नसतोच.

आणि शेअर आधीपासून हातात असेल, समजा २५० ला घेतलेला, तर मंदारचा चार्ट विकण्याचं कारण देत नाही. ज्या चार्टवर घेतला त्याच चार्टवर बाहेर पडावं. वीकलीवर घेतला असेल तर ३१८ ही रेषा, आणि आठवड्याचा बंद तिच्याखाली गेला तर त्यानंतरच्या पहिल्या सत्रात विक्री. डेलीची घसरण बघून जीव वरखाली होत असेल तर थोडे शेअर विकून उरलेले त्याच रेषेवर ठेवावेत. पण किती विकायचे हे आज, ३५२ ला ठरवून लिहून ठेवावं, ३३१ च्या बुधवारी नाही.