पॉलिसीवरचं कर्ज: दीड वर्षानंतर माझं मत

मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी गेल्या वर्षी एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. सोय चांगली आहे, पण ते नेमकं कसं वाढतं आणि विमा कधी धोक्यात येतो हे शाखेत कोणी आपणहून समजावत नाही. म्हणून माझे आकडे देऊन सांगतो. समजायला सोपे जावेत म्हणून ते गोळाबेरीज केले आहेत.

माझी एंडाउमेंट पॉलिसी पाच लाखांची, मुदत २० वर्षं. कर्ज घेताना १४ वर्षांचे हप्ते भरून झाले होते. त्या दिवशी हप्ते थांबवले असते तर पाच लाखांच्या चौदा-वीसांश, म्हणजे साडेतीन लाख, ही पेड-अप रक्कम झाली असती. त्यात जमा बोनस साधारण तीन लाख. पण हे साडेसहा लाख मुदत संपल्यावरचे. आज हवे असतील तर उरलेल्या वर्षांनुसार त्यांना एक गुणक लागतो. माझ्या वेळी तो सुमारे ६० टक्के होता, म्हणून सरेंडर व्हॅल्यू ३,९०,००० निघाली. चालू पॉलिसीवर तिच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. मी तीन लाखच घेतले. टर्म इन्शुरन्सला सरेंडर व्हॅल्यूच नसते, त्यामुळे त्यावर कर्जही नाही.

पॉलिसी मोडली असती तर नव्वद हजार जास्त मिळाले असते, पण विमा तिथेच संपला असता. या वयात तेवढ्या हप्त्यात नवा विमा मिळणार नाही, त्यामुळे तो विचार मी लगेच सोडला.

कागदपत्रं थोडी: कर्जाचा अर्ज, मूळ बॉण्ड, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील. पॉलिसी कर्ज फिटेपर्यंत एलआयसीच्या नावे असाइन होते. त्यामुळे नॉमिनेशन रद्द होत नाही. पत्नीचा हक्क फक्त थकबाकीपुरता कमी होतो.

व्याज ९.५ टक्के, दर सहामाहीला चक्रवाढ. ईएमआय नाही, मुद्दल मुदतीपर्यंत तसंच ठेवता येतं. व्याजाच्या तारखा मात्र पॉलिसीच्या वर्षावरून ठरतात, त्यामुळे पहिलं व्याज कर्ज घेतल्यापासून सहा महिने पूर्ण होण्याआधीच येऊ शकतं. माझं तसंच आलं. सहा महिन्यांच्या आत कर्ज फेडलं तरी सहा महिन्यांचं व्याज द्यावं लागतं.

माझं सहामाही व्याज १४,२५० रुपये. ते भरलं नाही तर मुद्दलात मिळतं आणि पुढचं व्याज ३,१४,२५० वर लागतं. वसुलीला कोणी दारात येत नाही, म्हणून बरेच जण ते विसरतात. पाच वर्षं काहीच भरलं नाही तर तीन लाखांचे सुमारे ४,७७,००० होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षाचं व्याज २८,५०० आणि माझा हप्ता सुमारे २५,०००. ओढाताण झाली तर आधी काय भरायचं? माझ्या ओळखीतले बहुतेक जण व्याज म्हणतात. मी हप्ता म्हणतो.

समजा दोन वर्षं फक्त हप्ता भरला, व्याज नाही, आणि मी गेलो. पाच लाख अधिक तोपर्यंतचा बोनस, मिळून सुमारे ८,४३,०००. कर्ज वाढून ३,६१,०००. ते वजा जाऊन पत्नीच्या हातात ४,८२,००० येतील. उलट व्याज भरत राहिलो आणि हप्ता सोडला, तर सवलतीचे दिवस संपल्यावर पॉलिसी पेड-अप होते, विमा साडेतीन लाख अधिक जुना बोनस एवढाच उरतो, नवा बोनस बंद. ६,५०,००० मधून तीन लाख गेले की उरले ३,५०,०००. खिशातून गेले जास्त आणि घरी आले कमी.

दुसरं कारण त्याहून मोठं. नियमाप्रमाणे हप्ते चालू असलेली किंवा सगळे हप्ते भरून झालेली पॉलिसी केवळ कर्ज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं म्हणून बंद करता येत नाही. मधेच हप्ते थांबलेली पॉलिसी मात्र अशा वेळी, कळवून, बंद करता येते. सरेंडर व्हॅल्यूमधून थकबाकी वळती होते, काही उरलं तर तेवढं मिळतं आणि विमा संपतो. त्यानंतर मृत्यू झाला तर घरच्यांना काहीच मिळत नाही. मुदत संपायला बरीच वर्षं बाकी असताना पूर्ण ९० टक्के कर्ज उचलून हप्ते थांबवणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण सुरुवातीलाच अंतर कमी असतं.

मी आतापर्यंत हप्ता आणि व्याज दोन्ही वेळेवर भरलं आहे, दोन्ही ऑनलाइन भरता येतं. मुद्दलात जमेल तशी रक्कम टाकतो. तसे पैसे भरताना थकलेलं व्याज आधी वळतं होतं, म्हणून प्रत्येक वेळी पावतीवर मुद्दल खरंच कमी झालं का ते पाहतो. कर्ज फिटल्यावर पॉलिसी पुन्हा माझ्या नावे झाल्याची नोंद आणि मूळ बॉण्ड शाखेतून मागून घेणार आहे.