कव्हरवरची चूक: जेपीजीवर पॅच मारायचा की ओरिजिनल फाइल उघडायची?

नौपाड्यातल्या एका काकांच्या पुस्तकाचं कव्हर अलीकडे माझ्याकडे दुरुस्तीला आलं. डेमी साइझ, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, १७६ पानं, पुढे तलावपाळीचा संध्याकाळचा फोटो. कव्हरवर सबटायटल 'ठाण्यातल्या तळ्यांच्या गोष्ठी' आणि स्पाइनवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर, 'ठाण्यातल्या तलावांच्या गोष्टी'. म्हणजे पुढे ष्टच्या जागी ष्ठ बसलाय, आणि स्पाइनवर स्पेलिंग बरोबर पण शब्दच वेगळा. हे होतं कारण स्पाइन पानसंख्या फायनल झाल्यावर शेवटी लागतो, आणि त्या घाईत ऑपरेटर पुढची ओळ कॉपी न करता आठवेल तशी परत टाइप करतो.

फोटोशॉप उघडायच्या आधी बरोबर ओळ कोणती ते ठरवा. काकांना 'तलाव' पण चालेल असं वाटत होतं, पण आतल्या शीर्षकपानावर आणि आयएसबीएनच्या अर्जात 'तळ्यांच्या' होतं, मग विषयच संपला, कव्हर आणि स्पाइन दोन्ही त्याच्याशी जुळवायचे. ती ओळ शीर्षकपानाच्या फाइलमधूनच कॉपी करायची, हाताने परत टाइप नाही करायची.

आता रस्ते तीन. पहिला, तयार जेपीजीवरच पॅच. दुसरा, ओरिजिनल फाइल उघडून टेक्स्ट बदलणं. तिसरा मधला, खाली चित्र तेच ठेवायचं, चुकलेली ओळ पुसायची आणि वर नवीन टेक्स्ट वेगळ्या लेयरवर बसवायचं.

पॅच सगळ्यांना सोपा वाटतो, कारण चुकलंय एकच अक्षर. पण ठ म्हणजे बंद गोल आणि ट उजवीकडे उघडा, म्हणून गोलाची उजवी बाजू खोडली की झालं असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं, कारण उरतो तो अर्धवट ठ, त्याचं टोक टसारखं वळतच नाही. दुसऱ्या शब्दातून ट उचलावा तर या ओळीत दुसरा ट नाही, 'ठाण्यातल्या'मध्ये आहे तोही ठच. मग फॉन्ट ओळखून पूर्ण 'गोष्टी' नव्याने टाइप करून चिकटवायचा, आणि तेव्हा शिरोरेषेची जाडी जुळायला हवी, नाहीतर ४०० टक्के झूम केलं की जोडावर छोटी पायरी दिसते. शिवाय जेपीजीत अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके असतात ते नवीन शब्दाभोवती नसतात, त्यामुळे एकच शब्द जास्त स्वच्छ दिसतो आणि डोळा नेमका तिथे जातो.

मागे आकाशाचा फोटो असेल तर अजून एक कटकट, ठ पुसल्यावर तिथे आकाश भरावं लागतं. क्लोन स्टॅम्पने होतं, फक्त फोटोचा दाणा जवळच्याच भागातून घ्या, लांबून घेतलात तर रंग जुळतो पण जागा गुळगुळीत दिसते.

पण पॅचचा खरा निकाल स्पाइनवर लागतो. काकांकडे पुढची बाजू आणि स्पाइन एवढ्याचीच जी जेपीजी होती ती व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली, म्हणजे लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास. साडेआठ इंचात १६०० म्हणजे इंचाला १८८ पिक्सेल, छपाईला ३०० धरतात. १७६ पानं म्हणजे ८८ कागद, साध्या मॅपलिथो कागदावर स्पाइन साधारण ९ मिमी. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी सोडा, कारण बाइंडिंगमध्ये घडी थोडी सरकतेच, उरले ६ मिमी. त्यात वर वेलांटी आणि मात्रा, खाली जोडाक्षर, आणि टायटल-सबटायटल एकाच ओळीत, त्यामुळे सबटायटल ११ पॉइंटच्या वर जात नाही. ११ पॉइंट म्हणजे जेमतेम ४ मिमी, त्या जेपीजीत २९ पिक्सेल. एवढ्यात ष्ट लिहिलाय की ष्ठ हे छापल्यावर कळतच नाही, नुसता डाग दिसतो. म्हणजे चूक सुधारूनही सुधारलेली दिसणार नाही.

म्हणून पॅच फक्त तेव्हा, जेव्हा चित्र नुसतं ऑनलाइन दुकानात किंवा स्टेटसला लावायचंय आणि स्पाइनचा प्रश्नच नाही. छपाईला नको, स्पष्ट सांगतो.

ओरिजिनल फाइल मिळाली तर सगळ्यात भारी, पण आपल्याकडे ती मिळाली म्हणजे उघडतेच असं नाही. काकांचं कव्हर मुळात कोरलमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं, जो युनिकोड नाही, अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की सबटायटलच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. तेव्हा फॉन्ट असलेल्या ऑपरेटरकडेच जावं, एक शब्द बदलायला त्याला वेळ लागत नाही. दुसरी अडचण, प्रेसला पाठवायच्या आधी टेक्स्ट कर्व्ह केलेलं असतं, कोरलमध्ये `Ctrl+Q`, आणि एकदा कर्व्ह झालं की ते अक्षर राहत नाही, आकार होतो. म्हणून ऑपरेटरला 'फाइल पाठव' एवढंच न म्हणता 'कर्व्ह करायच्या आधीची पाठव' असं म्हणा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

काकांचा ऑपरेटर गाव सोडून गेलेला, आणि हातात होती ती कर्व्ह केलेली कोरलची सीडीआर फाइल, म्हणून आम्ही तिसरा रस्ता घेतला आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मी हाच सुचवेन. कर्व्ह फाइलमध्ये फोटो पूर्ण रेझोल्यूशनचा असतो आणि अक्षरं वेगळी असतात, त्यामुळे पुसापुशी नाहीच, जुनी ओळ सिलेक्ट करून डिलीट, खाली आकाश जसंच्या तसं. मग युनिकोड फॉन्टमध्ये नवीन ओळ. हुबेहूब तोच फॉन्ट मिळत नाही, म्हणून फक्त 'गोष्टी' न बदलता पूर्ण ओळ बदलली, पुढे आणि स्पाइनवर दोन्हीकडे, म्हणजे दोन फॉन्टची सरमिसळ दिसत नाही. पुढची ओळ कॉपी करून ९० अंशात फिरवायची आणि स्पाइनवर लहान करून ठेवायची, तिथे वेगळं टाइप करायचं नाही. शब्द बदलला की ओळीची लांबी बदलते, म्हणून टायटल आणि प्रकाशकाच्या चिन्हामधलं अंतर परत बघा. ओळ बसत नसेल तर अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करू नका, देवनागरीत शिरोरेषा तुटते किंवा अक्षरं एकमेकांवर चढतात, पॉइंट साइझच कमी करा.

हेच काम फोटोशॉपमध्ये करणार असाल तर टेक्स्टच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` चालू आहे ना बघा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाते आणि जोडाक्षरं फुटतात, 'गोष्टी' चा 'गोष्‌टी' होतो, म्हणजे एक चूक काढताना दुसरी घुसली. आणि शेवटी पीडीएफच द्या, लेयर सपाट करून जेपीजी दिलीत तर अक्षरं परत पिक्सेल होतात आणि एवढी मेहनत वाया.

फोटोवर पांढरी अक्षरं असतील तर प्रेसवाल्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न काढता त्यावरच छापणं, बंद आहे का ते तपासायला सांगा. आधीची ओळ काळी असेल आणि तिच्यावर ओव्हरप्रिंट लावलेलं असेल, तर तीच पांढरी केल्यावर स्क्रीनवर दिसते पण प्लेटवर गायब होते. नवीन ओळ टाकली असेल तर हा धोका कमी, तरी विचारा.

प्रूफ मोबाइलवर ओके करू नका. पूर्ण कव्हर १०० टक्के साइझमध्ये प्रिंट काढा, 'फिट टू पेज' बंद करून, आणि पुस्तकाच्या आतल्या कागदाचे ८८ कोरे कागद घेऊन त्या गठ्ठ्याला गुंडाळा. मग एकाने शीर्षकपान मोठ्याने एकेक अक्षर वाचायचं आणि दुसऱ्याने आधी पुढची बाजू, मग स्पाइन बघायचा. हे ओके झालं की ऑनलाइन दुकानासाठीची पुढच्या बाजूची जेपीजी याच फाइलमधून काढा आणि जुनी सगळीकडून काढून टाका, नाहीतर छापील पुस्तकावर 'गोष्टी' आणि वेबसाइटवर अजून 'गोष्ठी' असं होतं.