प्रोजेक्टला १२ की १६? सत्तर गाठायच्या जोड्या

परवा इंदिरानगरला आमच्याकडे भाचा आला तो वहीचं मागचं पान उघडूनच. एका विषयात एकूण ७० झाले की त्याला हवी ती ग्रेड मिळते. मिडसेमचे २० पैकी ११ आणि असाइनमेंटचे १० पैकी ८ पदरात पडलेत, म्हणजे १९. उरलंय ते २० मार्कांचा प्रोजेक्ट आणि फायनल. फायनलचा पेपर १०० चा असतो, पण निकालात निम्मा करून ५० पैकी धरतात. "मामा, सत्तर टक्केच हवेत ना? मग दोन्हीकडे सत्तर टक्के काढतो की."

गडबड इथेच आहे. दोन्हीकडे सत्तर टक्के म्हणजे प्रोजेक्टचे १४ आणि पेपरचे निम्मे ३५. त्यात १९ मिळवले की होतात ६८. आधीच्या ३० मार्कांत सत्तर टक्क्यांना २१ हवे होते, पठ्ठ्याकडे दोन कमी आहेत, आणि ती तूट उरलेल्या दोन गोष्टींतूनच भरून निघणार. म्हणजे त्याला ७० पैकी ५१ लागतात.

प्रोजेक्टचे मार्क अधिक पेपरचे निम्मे मिळून ५१ झाले पाहिजेत. हिशेब एवढाच. मोबाइलवरच्या शीटमध्ये B2 ला प्रोजेक्टचे मार्क टाकले की शेजारी पेपरचा आकडा असा येतो:

```
=2*(51-B2)
```

| प्रोजेक्ट (२० पैकी) | पेपर (१०० पैकी) |
|---|---|
| २० | ६२ |
| १८ | ६६ |
| १६ | ७० |
| १४ | ७४ |
| १२ | ७८ |
| १० | ८२ |

वर बघा, प्रोजेक्ट पैकीच्या पैकी आला तरी पेपरला ६२ चुकत नाहीत. पेपरचं पासिंग ४० आहे म्हणून "प्रोजेक्टवर मारून नेऊ" म्हणणाऱ्यांनी ही पहिली ओळ आधी वाचावी. खाली १० च्या पुढे मी गेलोच नाही; प्रोजेक्टचं वेगळं पासिंग ८ आहे, आणि तिथे पेपरला ८६ लागतात. ज्या मुलाला मिडसेमला ११ पडले, त्याच्यासमोर ८६ चा विषय कशाला काढायचा!

आता खरी निवड १२–७८, १६–७० आणि १८–६६ या तिघांत.

१२–७८ म्हणजे प्रोजेक्ट आहे तसा देऊन टाकायचा आणि सगळा वेळ पेपरला. त्याचा विषय लासलगावच्या कांद्याच्या भावांचा. मी रिपोर्ट उघडून पाहिला. आलेखांच्या अक्षांवर नावं नाहीत, एका आलेखात भाव क्विंटलचा तर दुसऱ्यात किलोचा, आणि बाजार बंद असलेल्या दिवशी भाव चक्क शून्य धरलेला. त्यामुळे सरासरी विनाकारण खाली आलेली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर पहिलं बोट तिथेच ठेवणार. हे सगळं दुरुस्त करायला चार संध्याकाळी पुरतात. त्यातून १२ चे १६ झाले, तर पेपरचं ओझं ८ मार्कांनी उतरतं. पेपरात पाच युनिट, प्रत्येकी २० मार्कांचं. म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट. चार संध्याकाळींत अर्धं युनिट नव्याने तयार होईलही, पण परीक्षेत त्यातले आठच्या आठ मार्क पडतील याची खात्री कोण देणार?

१६ वरून १८ ची गोष्ट निराळी. त्यासाठी पुढच्या भावाचा अंदाज बांधणारा भाग जोडावा लागेल, आठवडा तरी जाईल, आणि तोंडीला तो नीट सांगता आला नाही तर उलट अंगाशी यायचं. एवढं करून पेपरचे वाचतात चार. मी सरळ नको म्हटलं.

तर १६–७०. पण ७० वर नेम धरायचा नाही. पेपरला ६९ पडले तर एकूण ६९.५ होतात, आणि अर्धा मार्क वर ओढतात की नाही हे कॉलेजच्या नियमावर आहे. ते ऑफिसात विचारून घ्यावं, मित्राला नाही. शिवाय १६ हा माझा अंदाज आहे, परीक्षकांचा नाही. एक मार्क कमी आला की पेपरला ७२ लागतात. अभ्यास निदान ७४ च्या हिशेबाने करावा, म्हणजे प्रोजेक्ट १४ वर घसरला तरी चालतं.

प्रोजेक्ट आधी होतो ही यातली सोय. ते मार्क परीक्षेआधी कळले, तर तक्त्यातली एकच ओळ उरते. कळणार नसतील, तर ७४ तसाच धरून चालायचं.

भाचा म्हणाला, "मग आज युनिट तीन करू की आलेख?" मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. बंद दिवसांचे शून्य आधी काढायला लावले.