डिस्कॉर्ड आठ महिने वापरल्यानंतर: @everyone ची घंटा आणि आमचं ढोल पथक

आमचं पथक इंदूरचं, ढोल-ताशा-ध्वज धरून ११८ जणं. जूनमध्ये सराव सुरू झाला तेव्हा आम्ही साध्या चॅट ग्रुपवरून डिस्कॉर्डवर आलो. वेगवेगळे चॅनल, जुने मेसेज शोधायची सोय, रोल, या सगळ्यावर मी खूश आहे आणि त्याबद्दल फार लिहीत नाही. लिहायचंय ते @everyone बद्दल, म्हणजे मेसेजमध्ये टाकलं की सगळ्यांच्या फोनवर एकदम घंटा वाजवणाऱ्या शब्दाबद्दल, कारण तिथे आम्ही सपशेल आपटलो आणि दोष आमचाच होता.

पथकाचा सर्व्हर, म्हणजे डिस्कॉर्डवरचा आमचा ग्रुप, बनवताना परवानग्यांचं पान मी उघडलंच नाही. त्यामुळे "Mention @everyone, @here, and All Roles" ही परवानगी प्रत्येकाकडे राहिली. मग काय, कुणाचं टिपरू हरवलं, @everyone. वाढदिवस, @everyone. पोह्यांचे पैसे बाकी, @everyone. मीही त्यातलाच.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाऊस कोसळला. सराव मैदानाऐवजी जवळच्या मंगल कार्यालयात हलवला आणि चार वाजता @everyone टाकला. साडेसहाला २३ जणं मैदानावर भिजत उभे! मी चिडून फोन दाखवायला सांगितले, तर त्यातल्या १९ जणांनी सर्व्हरच्या नोटिफिकेशनमध्ये "Suppress @everyone and @here" चालू करून ही घंटाच बंद ठेवलेली. एक ताशावाली ताई म्हणाली, "दादा, वाढदिवसाच्या घंटेला आणि पावसाच्या घंटेला आवाज एकच. मला कसं कळणार?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

त्या रात्री मागच्या तीन आठवड्यांचे मेसेज वर सरकवत मोजले. ४१ वेळा @everyone. त्यातले खरोखर सगळ्यांचे होते सहा. हे सहा निराळे का, ते बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की त्या प्रत्येकात वाचणाऱ्याला काहीतरी करायचं होतं, तेही त्याच दिवशी, आणि एखाद्याने वाचलं नसतं तर त्याचा फेरा फुकट गेला असता किंवा बाकीचे अडकले असते. जागा बदलली, वेळ अलीकडे आली, मिरवणुकीचा रस्ता बदलला. उरलेल्या ३५ मेसेजमध्ये घाई तरी नव्हती, किंवा ते आठ-दहा जणांपुरते होते. पुढच्या रविवारची मीटिंग सगळ्यांची असली तरी आज घंटा वाजवायचं कारण नाही. ती #सूचना मध्ये लिहिली की पुरे.

मग ती परवानगी सगळ्यांकडून काढून फक्त तीन प्रमुखांकडे ठेवली. यातली एक गंमत सांगतो. परवानगी नसलेला माणूस @everyone टाइप करू शकतोच. मेसेज जातो, पण ती नुसती अक्षरं राहतात, घंटा वाजत नाही. दोघं-तिघं पहिला आठवडाभर "मी कळवलं होतं" म्हणत भांडले.

खरा फरक पडला रोलमुळे, म्हणजे ठरावीक लोकांनाच घंटा जाईल अशा गटांमुळे. @ढोल, @ताशा, @ध्वज, शिवाय ढोल गाडीत चढवणाऱ्यांसाठी @गाडी. आमच्या जुन्या घंटांपैकी बहुतेक या चारात बसतात. फक्त @गाडी ला "Allow anyone to @mention this role" दिलंय, कारण ते काम ऐनवेळी कुणालाही सांगावं लागतं. @here मी जवळजवळ सोडलंय. ते त्या क्षणी ऑनलाइन असलेल्यांनाच जातं, आणि आमची अर्धी मंडळी सहा वाजता ऑफिसातून गाडीवर निघालेली असतात, फोन खिशात.

एक चूक मात्र अजून होते. मेसेज टाकल्यावर साडेसहाचे साडेपाच करायचे असले की आपण तो एडिट करतो. एडिटची घंटा वाजत नाही. ज्याने आधी वाचलं तो साडेसहालाच येणार. वेळ बदलली तर नवा मेसेज आणि नवी घंटा, तिथे कंजुषी नको. उलट, रात्री अकराला काही सुचलं तर सुरुवातीला `@silent` लावून टाकतो. मेसेज पोचतो, पण कुणाची झोप मोडत नाही.

कुणी घंटा दाबून ठेवलीये हे ॲडमिनला दिसत नाही. त्यामुळे जागा-वेळ बदलणाऱ्या प्रत्येक मेसेजखाली "वाचलं की ✅" असं लिहितो. अर्ध्या तासात ८० च्या आत राहिले तर विभागप्रमुख आपापल्या लोकांना फोन लावतात. हे थोडं कटकटीचं आहे, पण घंटा बंद केलेल्या माणसाला पुन्हा घंटा वाजवून काय उपयोग? त्या १९ जणांना मी एकेकाला भेटून सेटिंग परत उघडायला लावलं. दोघांनी अजून उघडलेलं नाही, त्यांना मी फोनच करतो.

ऑक्टोबरपासून @everyone सात वेळा गेलंय. आता पाडव्याच्या शोभायात्रेचा सराव सुरू झालाय. ताशावाल्या ताईंनी घंटा चालू ठेवलीये, पण अट घालून: एक जरी वाढदिवस आला तर परत बंद.