कर्वेनगरच्या पीजी फ्लॅटचे अकरा नियम: नऊ महिने राहून झाल्यावर

सामान घेऊन आत शिरले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे लॅमिनेट केलेला कागद दिसला. अकरा नियम, खाली घरमालकीण काकूंची सही. टू बीएचके, राहणाऱ्या आम्ही पाच जणी, सगळ्या नोकरीवाल्या. काकू खालच्याच मजल्यावर. त्यातले सात-आठ नियम नंतर कुणी वाचलेसुद्धा नाहीत. जे रोज आडवे आले, त्यांच्याबद्दल लिहिते.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती 'स्वयंपाक जिचा तिने, गॅसचा खर्च समान' या नियमावरून. वाचायला किती न्यायाचं वाटतं! पण पहिलाच सिलेंडर 19 दिवसांत संपला. 14.2 किलोचा, घरगुती. आमच्या घरी चौघांत तो महिनाभर सहज पुरतो. संशय अर्थातच दिवसातून पाच वेळा चहा टाकणारीवर. ती बिचारी आठवडाभर ऑफिसातच चहा पीत होती. गळती असेल म्हणून काकूंनी साबणाचं पाणी करून नळीवर आणि रेग्युलेटरच्या जोडावर लावून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही.

कारण सापडलं ते भांडी घासणाऱ्या मावशींना. "ताई, तुमच्या पातेल्यांची बुडं काळी का होतात? घासून हात दुखले माझे." मग शेगडीकडे नीट पाहिलं. ज्योत निळी नव्हतीच, पिवळी, लांबडी. कधीतरी उतू गेलेलं दूध बर्नरच्या भोकांत वाळून बसलं होतं. सिलेंडर बंद करून, बर्नर गार झाल्यावर झाकण्या काढल्या, गरम पाण्यात भिजवल्या, टाचणीने एकेक भोक मोकळं केलं आणि पूर्ण वाळवून परत बसवल्या. पुढचा सिलेंडर 23 दिवस गेला.

उरलेला दोष नियमाचाच होता. संध्याकाळी एकामागून एक चार कुकर लागायचे, प्रत्येकात वाटीभर तांदूळ. भात थोडा असला तरी कुकर तापायला गॅस लागतोच की. मग ठरलं: वरण-भाताचा कुकर एकच, पाळीने, भाजी जिची तिने. तांदूळ आणि तूरडाळ महिन्याच्या वर्गणीत. तिसरा सिलेंडर 31 दिवस पुरला. आता नवा लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख टाकतो, म्हणजे लवकर संपला तर आधी बर्नर बघायचा, माणूस नाही.

शांततेची वेळ रात्री साडेदहा ते सकाळी सहा. पण दोघी नाइट शिफ्टवाल्या, पहाटे पाचला येणार आणि दुपारी एकपर्यंत झोपणार. त्यांच्यासाठी हा नियम असून नसल्यासारखा! त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून, आणि सकाळी आठला माझा चटणीचा मिक्सर. एकदा त्यातली एक केस विस्कटलेली, उशी बगलेत घेऊन दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मिक्सर मीच बंद केला. त्या रविवारी आम्ही खोल्याच बदलल्या. त्या आतल्या खोलीत, आम्ही तिघी स्वयंपाकघराशेजारी. चटणी आदल्या रात्री नऊच्या आत वाटून फ्रीजमध्ये. याने जेवढा फरक पडला, तेवढा "हळू बोला" सांगून महिनाभरात पडला नव्हता.

दुसरी गोष्ट कडीची. रात्री शेवटी झोपणारीने सवयीने आतून कडी लावली, आणि पहाटे पाचला बेल वाजवून वाजवून सगळी मजल्यावरची माणसं उठली. आता शिफ्ट असेल त्या रात्री फक्त लॅच, कडी नाही. दारावर लाल दोरा अडकवलेला असला की समजायचं, कुणीतरी यायचंय.

पाहुण्यांचा नियम मात्र मला अजून पटलेला नाही. आई किंवा बहीण महिन्यात दोन रात्री, रात्रीचे 200 रुपये. पुरुष पाहुणे हॉलपर्यंतच, तेही रात्री आठपर्यंत. एकीची बहीण परीक्षेसाठी आली ती सहा रात्री राहिली. काकूंना 1200 रुपये मिळाले, आणि आम्हाला सकाळी सात ते साडेआठ बाथरूमची रांग. म्हणून आता काकूंच्या आधी आम्हाला विचारायचं, आणि पाहुणीने आंघोळ नऊनंतर करायची, एवढं आमचं आम्ही ठरवलं. ते चाललंय.

पण लातूरवाल्या मैत्रिणीचे बाबा रात्रभर बसमध्ये बसून पहाटे आले, तेव्हा नियमाप्रमाणे हॉलच्या खुर्चीवरच बसून राहिले. तोंड धुवायलासुद्धा खाली काकूंकडे गेले. काकूंनी त्यांना चहा-पोहे दिले, तेही आग्रहाने, पण नियम सोडला नाही. "अगं, आज बाबा, उद्या कुणीतरी मामेभाऊ म्हणून येईल," हे त्यांचं म्हणणं. "सकाळी सात ते नऊ वडिलांना बाथरूम, बाकीच्यांनी आधी उठून आवरायचं," हे आमचं. बाकीच्या दुरुस्त्या पेनाने लिहून झाल्यात. नवा कागद या एका ओळीसाठी अजून लॅमिनेशनला गेलेला नाही.